निरसन झाले

बकुळा परब करी रोडजवळच्या एका मराठी शाळेत एकवीस वर्षं शिकवत होत्या. मुलं त्यांना बकुळाबाई म्हणत. शाळेची तक्रारपेटी त्यांच्याकडे होती. महिन्यातून एकदा मुख्याध्यापकांसमोर कुलूप उघडायचं, चिठ्ठ्या वाचायच्या आणि नोंदवहीत लिहायच्या. तारीख, तक्रार, कार्यवाही. शेवटच्या रकान्यात बाई बहुतेकदा 'निरसन झाले' असं लिहीत आणि खाली सही करत. त्यात आपण काही खोटं करतोय असं त्यांना वाटत नसे. मुख्याध्यापक हितेंद्र सर म्हणत, "सांगतो मी, बघून घेतो." तेवढ्यावर बाई लिहून टाकत.

शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी असावेत असा नियम आहे. दरवर्षी दोन नावं कागदावर चढत, पण बैठकीचं बोलावणं त्या मुलांना कधीच जात नसे. तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी एकदा विचारलं, "ही मुलं बसतात का हो बैठकीला?" हितेंद्र सरांनी बकुळाबाईंकडे बघितलं, बकुळाबाईंनी खाली.

त्या वर्षी बाईंनी सरांच्या मागे लागून निवडणूक घेतली. पाचवी ते आठवीच्या दोन-दोन तुकड्या, प्रत्येक तुकडीतून दोन प्रतिनिधी, गुप्त मतदानाने. त्या सोळा जणांनी आपल्यातून दोघांना समितीवर पाठवलं. आठवीची श्रेया आणि सातवीचा राजरत्न. बैठकीत त्यांना बोलता येणार होतं, मत देता येणार नव्हतं.

सोळा जणांनी वर्गावर्गात विचारून यादी केली. पहिली मागणी मुलींच्या स्वच्छतागृहाची होती. मधली सुट्टी सोडली तर त्याला कुलूप असे. त्यामुळे कितीतरी मुली दिवसभर पाणीच पीत नसत. दुसरी मागणी खेळाच्या तासाची. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जाई.

बाईंनी श्रेयाला भाषण लिहून दिलं. सुरुवात 'माननीय' पासून होती.

बैठकीत श्रेयाने तो कागद घडी करून ठेवून दिला. म्हणाली, "सर, नोंदवही बघू का?"

वही आली. तिने पानं उलटली. "ही चिठ्ठी माझी आहे. पाचवीतली. 'कुलूप काढा, पोटात दुखतं.' समोर निरसन झाले लिहिलंय." तिने सहीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "बाई, सही तुमची आहे."

बाई उठून उभ्या राहिल्या. "हो, माझीच आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी कुणाला काही विचारलं नाही. चुकलंच माझं."

समितीचे अध्यक्ष आनंदा तळेकर, एका मुलीचे वडील, लगेच म्हणाले, "मग काढून टाका कुलूप. आजच."

दाराशी चहा घेऊन आलेल्या मालन मावशी तिथेच थबकल्या. शाळेची साफसफाई त्या एकट्या करत. "काढा की. पण दिवसभर उघडं राहिलं तर धुणार कोण? पाणी सकाळीच येतं. घाण झाली की ओरडा माका खावा लागतो."

श्रेया गोंधळली. ही बाजू यादीत नव्हती. मावशींना कुणी विचारलंच नव्हतं. तिने राजरत्नकडे बघितलं आणि म्हणाली, "आम्हाला आठ दिवस द्या. मावशींशी बोलून येतो."

त्या आठ दिवसांत सगळी वाटाघाट मावशींच्या स्टुलाभोवती झाली. दारांना आतून कड्या बसवायच्या. पाण्याचं पिंप आत ठेवायचं आणि ते भरायची पाळी वर्गांनी घ्यायची. धुण्याचं काम मात्र मुलांवर नाही; दुपारी दोन तासांसाठी दुसरी बाई समितीने ठेवायची. पुढच्या बैठकीत ठराव झाला. कुलूप त्याच दिवशी निघालं. दुसरी बाई यायला दोन महिने लागले आणि आतल्या कड्या बसायला चार. दर सोमवारी श्रेया सरांच्या खोलीबाहेर उभी राहून विचारायची, "सर, कड्या?"

खेळाच्या तासाची मागणी नामंजूर झाली. मुलांच्या आग्रहावरून कारण फळ्यावर लिहिलं गेलं: 'दहावीचा निकाल सुधारायचा आहे.' राजरत्न चिडला. "निकाल दहावीचा, तास आमचा का?"

पुढच्या वर्षी हितेंद्र सर बदलून गेले. नव्या मुख्याध्यापिकांनी पहिली बैठक मुलांना न कळवताच घेतली. समितीवर शिक्षक प्रतिनिधी असलेल्या बाईंनी त्या इतिवृत्तावर सही केली नाही. "मुलं नव्हती. परत घ्या," त्या म्हणाल्या. मॅडम रागावल्या, पण बैठक परत झाली.

नोंदवहीतला शेवटचा रकाना आता बाई कोरा सोडतात. ज्याची चिठ्ठी, तो वर्गप्रतिनिधीमार्फत कळवतो, काम झालं की नाही ते. बरेच रकाने अजून कोरेच आहेत. परवा सहावीची एक वर्गप्रतिनिधी बाईंच्या टेबलाशी आली, वही ओढून घेतली आणि एका ओळीपुढे लिहिलं, 'अर्धं झालं.'

बाईंनी विचारलं, "उरलेलं अर्धं काय गं?"

ती बाकावर टेकली आणि सांगायला लागली.