दीक्षा नव्हे, दीक्षांत

उस्मानपुऱ्यातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये प्रेरणा काउंटर सांभाळते. आई द्वारकाबाईनं अजिंठ्याकडं लोकांच्या शेतात राबून तिला नागपूरच्या होस्टेलात ठेवलं, आणि एम.ए.चा निकाल लागायच्या आत आई वारली. निकालाच्या दिवशी प्रेरणानं गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीवर पावशेर पेढे आणले. वाटायला कुणीच नव्हतं, मग ते संपेपर्यंत एकटीनंच खाल्ले.

लॅबमध्ये ती बारावी पास म्हणूनच लागली होती. जास्त शिकलेली टिकत नाही, असं म्हणून नोकरी नाकारतात, हे तिनं पाहिलं होतं. त्यामुळं पदवीदानाचा निरोप आला, तेव्हा मॅनेजर इंद्रजीत सरांपुढं ती नुसती सुट्टी मागायला उभी राहिली.

"सर, शनिवारची सुट्टी पाहिजे होती. नागपूरला दीक्षांत हाय."

सरांची नजर संगणकातच. "दीक्षा? तुम्ही लोकं तर दीक्षाभूमीवर दसऱ्याला जाता ना?" मग स्वतःच मोठ्या मनानं म्हणाले, "असू दे. देवाधर्माला आपण कधी नाय म्हणत नसतो. जा."

झालं की काम! शहाण्या माणसानं 'थँक्यू' म्हणून सटकावं. प्रेरणा दारापर्यंत गेलीसुद्धा. पण ज्यासाठी आईनं हाडाची काडं केली, ते या गैरसमजाखाली गाडून टाकायचं? तिला सोसेना. ती परत फिरली.

"सर, दीक्षा नाय, दीक्षांत. पदवीदान. मी एम.ए. झालेय."

आता मात्र मान वर आली. "तू? अन् सांगितलं नायस? अगं, पण डिग्री पोस्टानंबी येते. शनिवारी आपलं रक्ततपासणीचं शिबिर हाय." देवाच्या नावानं मिळालेली सुट्टी शिक्षणाच्या नावानं लगेच महाग झाली. "स्टेजवर बोलावणार हायेत का?"

"नाय सर. ते मेडलवाल्यांना. आम्हाला नुसतं जागेवर उभं राहायला सांगतात. कुलगुरू पदवी दिली म्हणतात, की बसायचं."

"घरचं कोण येतंय?"

"कुणी नाय."

"मग तू गेलीस काय अन् नाय गेलीस काय, कुणाला कळणार हाय?"

सर दुष्टपणानं बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं.

"सगळे उभे राहतील तवा माझी खुर्ची रिकामी दिसंल, सर."

सरांनी हजेरीचं रजिस्टर पुढं ओढलं. "बिनपगारी लावतो. रविवारी ये मात्र."

ती काउंटरवर आली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. समोर एक म्हातारबाबा बाही वर करून बसले होते.

"बाबा, मी एम.ए. झाले," ती म्हणाली.

"लई चांगलं झालं, बाई," बाबा म्हणाले. "सुई लई टोचंल का गं?"