एमआरआयला बटाटे आवडत नाहीत

कोचाबांबात वैद्यकीय अहवालांचं इंग्रजी करून देणाऱ्या एउलालियाबाईंचा खाक्या ठरलेला. लघुरूप पहिल्यांदा आलं की आधी पूर्ण नाव लिहायचं, शेजारी इंग्रजी लघुरूप, आणि पुढे शेवटपर्यंत तेच. स्पॅनिशमध्ये एमआरआयला ‘आरएम’ म्हणतात. रेमिखिओ मोंतान्यो या गवंड्याच्या जाडजूड अहवालातले सगळे ‘आरएम’ त्यांनी संगणकावर एका फटक्यात बदलले. गुप्तता म्हणून इस्पितळाने रुग्णाचं नावही नुसतं आद्याक्षरांनी ‘आरएम’च लिहिलंय, हे कुठलं ध्यानात यायला!

परदेशी डॉक्टरांचं उत्तर घेऊन रेमिखिओ दारात हजर. बाई मोठ्याने वाचू लागल्या, “आपल्या अहवालानुसार एमआरआय बासष्ट वर्षांचा विधुर आहे. एमआरआयला बटाटे आवडत नाहीत. बायकोच्या आठवणीने एमआरआय रडतो. आमच्याकडची यंत्रं इतकी हळवी नाहीत. तरी एमआरआयचा नवा एमआरआय काढून पाठवावा.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“साध्या सर्दीचंसुद्धा पूर्ण नाव लिहिलंत, बाई,” रेमिखिओ म्हणाला. “माणूस तेवढा राहिला होय?”