शून्य लांबीची पट्टी

चोवीस एप्रिल, गुरुवार. प्रॅक्टिकल परीक्षेचे मार्क संगणकात भरायचं काम मी घरी आणलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत ते विद्यापीठाकडे गेले की हात लावता येत नाही. डोंबिवलीच्या घरात संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरच मी लॅपटॉप उघडते. कुकरकडे लक्ष राहतं. वीस मुलांची बॅच, पंचवीसपैकी मार्क, दहाला पास. भराभर भरत गेले आणि एका नऊवर थांबले.

नऊ मार्क मीच दिले होते, त्याच दुपारी. मुलगी खडवलीहून येते. डिप्लोमा करून आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. बोलते कमी, विचारलं तेवढंच. मानपाड्याच्या एका कंपनीत तिची इंटर्नशिप ठरली होती, पण एकही विषय अडकलेला चालणार नव्हता. हे मला माहीत होतं. शिफारशीच्या पत्रावर माझीच सही होती.

चिठ्ठीत तिला आलेला प्रश्न जुनाच. दोन घरं रुंद आणि दिलेल्या लांबीची एक पट्टी. एक डॉमिनो शेजारची दोन घरं झाकतो. पूर्ण पट्टी डॉमिनोंनी किती प्रकारे झाकता येईल, ते मोजणारा प्रोग्राम लिहा. मोजून बसायचं नसतं, पट्टीच्या शेवटाकडे बघायचं असतं. शेवटी एक डॉमिनो उभा असेल, तर उरलेली पट्टी एकाने कमी. शेवटी दोन डॉमिनो एकावर एक आडवे असतील, तर उरलेली पट्टी दोनाने कमी. तिसरं काही होऊच शकत नाही. म्हणून कुठल्याही लांबीचं उत्तर म्हणजे आधीच्या दोन लांबींच्या उत्तरांची बेरीज. एक लांबीला एक प्रकार, दोनला दोन, तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ. मी हे इतकी वर्षं शिकवतेय की आठ हा आकडा झोपेतही सांगेन.

तिनं हे सगळं बरोबर मांडलं. आम्ही टेबलापाशी गेलो तेव्हा प्रोग्राम लिहून झाला होता, चालवायचा बाकी होता. ठाण्याच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून आलेले एक्स्टर्नल सर माझ्या शेजारी उभे होते. स्क्रीनवर तिनं सुरुवातीच्या दोन किमती भरल्या होत्या: लांबी शून्य, उत्तर एक, लांबी एक, उत्तर एक. मी नेहमी एक आणि दोनपासून सुरू करते. शून्य बघून मला गंमत वाटली.

"शून्य लांबीची पट्टी म्हणजे पट्टीच नाही. मग ती झाकायचे प्रकार किती?"

"एक, मॅडम."

"कुठला गं? लावून दाखव बघू."

"काहीच न लावायचं... तो एक प्रकार."

"अरे वा! म्हणजे घरी बसून काहीच केलं नाही, तरी एक काम झालं म्हणायचं. सर, आपण उगाच येतो."

सर हसले. मागच्या टेबलांवरची मुलं त्याहून मोठ्यानं हसली. एकजण म्हणाला, "मॅडम, मीपण काहीच नाही केलं, मला एक मार्क द्या ना." मला विनोद जमल्याचा आनंद झाला, तो आठवतो.

तिचा चेहरा उतरला. तिनं त्या एकाच्या जागी शून्य टाकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी 'हो' अशी मान हलवली. "चालव आता. पाच लांबी दे."

उत्तर आलं पाच.

"आठ यायला हवं," मी म्हटलं. "सुरुवातच पक्की नाही तुझी."

ती काहीतरी बोलणार होती, पण आम्ही पुढच्या टेबलाकडे वळलो. आउटपुट चुकलं, तोंडी परीक्षेत अडखळली, म्हणून नऊ.

आता घरी टेबलाशी बसून त्या नऊकडे बघताना मी वहीच्या मागच्या कागदावर दोन लांबीची पट्टी काढली. चार घरं. दोन डॉमिनो उभे, हा एक प्रकार. दोन आडवे, हा दुसरा. आडवे दोन लावले की मागे किती पट्टी उरते? शून्य. त्या शून्याला 'एक' म्हटलं नाही, तर समोर काढलेली ही आडवी मांडणीच मोजणीतून जाते. दोनचं उत्तर एक होतं, आणि तिथून पुढचं सगळं एक घर मागे पडतं. म्हणून आठाच्या जागी पाच. तिचा एक बरोबर होता. तिनं काढून टाकला तो माझ्यामुळे, आणि काढून टाकल्याबद्दल मार्क मीच कापले.

कुकरची शिट्टी मी मोजली नाही. नवरा आतून येऊन गॅस बंद करून गेला. "भात लागला बहुतेक," एवढंच म्हणाला.

मार्क बदलायला एक्स्टर्नलची सही लागते. सरांना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं.

"अहो मॅडम, सोडा हो. व्हायवामध्ये दडपणाखाली टिकणं हाही भाग असतो ना?"

"सर, तिला दडपण मी आणलं. तेही चुकीचं बोलून."

"पण खरं सांगू? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे, मुद्दाम ताणताय तिला. म्हणून मी हसलो."

म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं. राग यायला हवा होता, पण रागावण्याची सोय नव्हती. ते गप्प राहिले, बोलले नाहीत. बोलले ती मीच.

"उद्या लवकर या, मी सही करतो," ते म्हणाले.

मग तिला फोन केला. तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, "मॅडम, विषय राहिला का माझा?"

"नाही. उद्या नऊला लॅबमध्ये ये."

"मॅडम, मी ते परत सोडवलं घरी. शून्य टाकलं की चुकतं. पण तुम्ही मान हलवलीत, म्हणून मला वाटलं माझंच काहीतरी..."

"तुझं काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर यापेक्षा जास्त बोलणं मला सोपं पडलं असतं, म्हणूनच बोलले नाही. हसले होते मी सगळ्यांसमोर, बोलायचंही सगळ्यांसमोरच होतं.

शुक्रवारी सकाळी साडेआठला लॅब उघडली. तिची बॅच जर्नलवर सह्या घ्यायला येणारच होती. ती आल्यावर तिला कालच्याच मशीनवर बसवलं आणि बाकीच्यांना भोवती बोलावलं.

"कालचं शून्य काढ. तुझा एक टाक. चालव."

आठ आले.

"काल ही बरोबर होती आणि मी चुकीची," मी म्हटलं. "मी हिच्यावर हसले, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही हसलात, तुम्हालाही नव्हतं."

कालचा विनोदी मुलगा खाली बघू लागला. ती म्हणाली, "मॅडम, जाऊ दे ना," आणि माऊस उगाच इकडेतिकडे फिरवत राहिली. तिला हे सगळं संपायला हवं होतं. माझी माफी हीसुद्धा तिला सगळ्यांसमोर सोसावी लागत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

नऊच्या जागी मी बावीस मार्क लिहिले, सरांनी त्यावर सही केली. दहाला दुसरी बॅच बसली. तीच चिठ्ठी एका मुलाला आली. सरांनी त्याला विचारलं, "शून्य लांबीला किती?"

"एक, सर. मॅडमनी सकाळी सांगितलं म्हणे."

"मी नाही," मी म्हटलं, आणि त्याला तिचं नाव सांगितलं.