तिसरीचा रकाना

नवा जिल्हा झाला तेव्हा मास्तरांच्या जागा निघाल्या आणि त्यातली एक माझ्या वाट्याला आली. मी अर्धापूरकडची, केळीच्या बागांत वाढलेली. नेमणूक झाली ती निलंग्याच्याही पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या एका लहान गावात. पाऊस आदल्या वर्षीही झाला नव्हता, त्या वर्षीही झाला नाही. शाळेचा शिक्का अजून जुन्याच जिल्ह्याचा होता. तो उमटवायचा, जिल्ह्याचं नाव पेनानं खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे माझं पहिलं सरकारी काम.

एक खोली, पुढे ओटा, चार इयत्ता, एकतीस मुलं आणि मी एकटी. दुसऱ्या शिक्षकाची जागा मंजूर होती, माणूस नव्हता. शाळा सुटली की बोलायला कुणी नसे. गावातल्या बायका भल्या होत्या, पण त्यांचा दिवस घागरींमागे जाई, आणि घरात त्या कन्नड बोलत. मी भाड्याच्या खोलीत बसून उद्याच्या पाठांचं टाचण काढायची. खोटं कशाला सांगू, त्या वहीशिवाय मला दुसरी सोबत नव्हती, म्हणून ती मी फार जिवापाड लिहायची.

वहीत प्रत्येक तासाला चार रकाने. चार वर्गांना एकदम शिकवता येत नाही, म्हणून आधी ज्यांना आपलं आपण करता येतं त्यांना कामाला लावायचं. चौथीला फळ्यावर गणितं, तिसरीला प्रश्नांची कार्डं, दुसरीला गटात वाचन. मग पहिलीजवळ बसायचं, कारण पहिलीला बाई लागतेच. पंधरा मिनिटांनी पहिलीला चिंचोके मोजायला देऊन दुसरीकडे, तिथून चौथीकडे. मी एका वर्गाजवळ असताना दुसऱ्यानं हाक मारायची नाही. अडलं तर पाटी पालथी घालायची आणि पुढचं करायला घ्यायचं, मी वळले की पालथ्या पाट्या बघायची. महिनाभरात मुलांना हे अंगवळणी पडलं, आणि मला माझीच जरा ऐट वाटू लागली.

तिसरीत एकच मुलगी होती. खिडकीखाली बसायची. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. लिहून झालं की उलटून आपलं आपणच तपासायचं. तिचं अक्षर मोत्यासारखं, उत्तरं सगळी बरोबर, आणि पाटी कधी म्हणून पालथी नाही. हिवाळ्यात टँकर सुरू झाला. तो अकराला येई आणि चौथीची मुलं घागरी घेऊन पळत. दुसरीचं वाचन चौथीतला एक मुलगा घेई, ते मी या मुलीकडे दिलं. ती पुस्तक धरून एकेक ओळ वाची, दुसरीची पोरं मागून म्हणत. मी तिच्या आईलाही सांगून आले, तुमची मुलगी फार हुशार आहे.

एका सकाळी दुसरीतला एक मुलगा रडत आला. त्याच्या पुस्तकाचं अर्धं पान शेळीनं खाल्लं होतं. मी त्याची समजूत काढली आणि त्या दिवशी गटासाठी ते पुस्तक मुद्दाम तिच्याच हातात दिलं, पोरांच्या ओढाताणीत आणखी फाटू नये म्हणून. पहिलीजवळ बसून मी ‘क’ गिरवून घेत होते आणि मागून तिचं वाचन कानावर येत होतं. स्वच्छ, न अडखळता. धडा संपला तरी मला काही कळलं नाही. मग हातातला खडू थांबला. तिनं पानाचा तो अर्धा भागही वाचला होता, जो शेळीच्या पोटात होता.

पोरं सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि एक कोरं कार्ड घेऊन त्यावर लिहिलं, ‘आज ऊन फार आहे.’ तिनं त्याकडे पाहिलं, मग कार्ड उलटून मागं पाहिलं. मागे काही नव्हतं. ती खाली मान घालून उभी राहिली.

एका खोलीत चार वर्ग बसतात तिथे प्रत्येक मूल चारही वर्ग ऐकतं. तिनं तीन वर्षं सगळं कानानं शिकून घेतलं होतं. पहिली-दुसरीची परीक्षा तोंडी होती, त्यात ती पहिली यायची. फळ्यावरची अक्षरं आणि कार्डामागची उत्तरं ती रांगोळीसारखी उतरवायची. घरी कन्नड, इथे मराठी, आणि वाचता मात्र एकही येत नव्हतं. मी खोलीवर जाऊन टाचणवही उघडली. जूनपासून तिसरीच्या रकान्यात रोज एकच शब्द: स्वाध्याय. एवढी कष्टानं आखलेली वही, आणि तीत त्या पोरीजवळ मी बसावं असं एकही मिनिट नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी मी चूलही पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी चूक केली. तिला अक्षरांसाठी पहिलीत बसवलं. त्यानंतर ती आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई म्हणाली, “बाई, तुमीच म्हनलात की लई हुशार हाय. आन आता ल्हान्या लेकरात बसवायलात. ती म्हनती म्या आता पानीच आनते.”

मुलगी दाराआड होती. मी तिला विचारलं, “अडलं तर पाटी पालथी घालायची होती ना गं?”

“सगळंच अडायलंय, बाई,” ती म्हणाली. “मंग रोज पालथीच ठिवू का?”

मी दाराशी खाली बसले. एवढंच म्हणाले, की तू खिडकीखालीच बस, मी तिथं येईन.

त्या दिवसापासून पहिली वीस मिनिटं तिसरीची. एकटीची. चौथीला गणितं, दुसरीला नक्कल, आणि पहिलीला चिंचोके आधीच वाटून. सगळी घडी विस्कटली. पहिलीची पोरं चिंचोके नाकात घालत, पाट्या वाजत, ओट्यावर मारामाऱ्या होत, आणि मी खिडकीखाली बसून काना, मात्रा, वेलांटी करत असे. असे दोन महिने गेले आणि नव्या जिल्ह्यातून साहेब तपासणीला आले. त्यांनी वही पाहिली, खोली पाहिली, पहिलीचा गोंधळ पाहिला. मी कारण सांगायला तोंड उघडलं. पण ती समोरच होती, आणि तिच्यादेखत ते सांगणं माझ्या जिवावर आलं. साहेबांनी शेरेबुकात टपोऱ्या अक्षरांत शेरा लिहिला आणि टँकरच्या मागोमाग ते निघून गेले.

शाळा सुटली. मी ओट्यावर पाठ टेकून बसले. गाव पाण्याला गेलेलं, सांगायला माणूस नाही, आणि मला अर्धापूरची इतकी आठवण आली की रडूच फुटेल असं वाटलं. आत कुणीतरी पुटपुटत होतं. वळून पाहिलं तर ती टेबलाशी उभी होती, शेरेबुकावर बोट ठेवून.

“ति-स-री-ला ए-क-च मु-ल-गी. ति-ला वे-ळ जा-स्त. नि-यो-ज-न स-दो-ष.” घामानं तिचं कपाळ भिजलं होतं. हा शेरा तिनं कधी कानानं ऐकलेला नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “सदोष म्हंजी काय?”

“चुकलेलं.”

तिनं त्या शब्दावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, “मंग उद्या तुमी खिडकीकडं येनार न्हाईत?”

“येणार आहे,” मी म्हणाले.