ठिपक्यांचा कागद

आमचा फुलांचा धंदा. अकोल्याच्या बाजारात नवरा बसतो, हार घरी मी करते. पहाटे पोरगी माझ्यासोबत बसायची. मी लोकांत फारशी बोलत नाही, चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून तोंड उघडायची भीतीच बसली. पण शेवंती ओवता ओवता तिच्याशी मात्र मन भरून बोलायचे.

अकरावीत तिला प्रकल्प मिळाला. वर्गातल्या प्रत्येकाला विचारायचं, घरचं काम रोज किती तास करता आणि परीक्षेत मार्क किती. आडव्या रेघेवर तास, उभ्या रेघेवर मार्क, एका मुलाचा एक ठिपका. ती त्याला स्कॅटर प्लॉट म्हणायची. तयार झालेला कागद तिनं बापासमोर धरला. ठिपके डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेले होते.

"पाहा बाबा, कामानं मार्क कमी होतात. हे सिद्ध झालं."

"कागदावरच हाये तं मंग," नवरा मला म्हणाला. "उद्यापासून तिले हाराले बसवू नको."

मी हो म्हटलं. तिचं नुकसान मी करत होते, हे मनाला फार लागलं. दिवाळीचे सगळे हार एकटीनं केले. बोलायला कोणी नव्हतं.

पुढं कॉलेजात प्रदर्शन भरलं. मी मागं भिंतीला टेकून उभी राहिले. तिनं मला पाहिलं नाही. पाहुण्या सरांनी विचारलं, "म्हणजे कामामुळे मार्क कमी होतात?"

"नाही सर," ती म्हणाली. "दोन गोष्टी सोबत बदलतात, एवढंच यातून दिसतं. एकीमुळं दुसरी होते, हे यातून सिद्ध होत नाही. ज्यांच्या घरी पैसा कमी, त्यांना काम जास्त आणि ट्यूशनही नसते. किंवा अभ्यासात मागे पडलेल्यांनाच घरचे कामाला लावत असतील."

"आणि उजवीकडे हा एकटा ठिपका? काम जास्त, मार्कही जास्त?"

"तो माझा सर. पण एका ठिपक्यावरूनही काही ठरत नाही."

सर शाबास म्हणाले. म्हणजे घरी सांगतानाही तिला सगळं माहीत होतं. तो ठिपका तिचा आहे, हे तर घरी तिनं सांगितलंही नव्हतं.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, "मंग घरी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं बाबानं सोडलं असतं काय मले?"

"बाबाचं राहू दे व. मले तं सांगाचं होतं, आई, मले कटाळा आला म्हणून. मी आडवलं असतं काय तुले?"



दुसऱ्या दिवशी पहाटे ती आपणहून टोपल्याजवळ येऊन बसली. दोऱ्यासाठी हात पुढं केला. मी टोपलं माझ्याकडे ओढलं.

"जा, अभ्यास कर," म्हटलं. तिच्याशी आणखी काय बोलावं, ते मला सुचेना.