कागदाला एवढंच कळतं

आसाराम साळवे नेवासा फाट्याजवळच्या एका पंपावर गाड्यांत पेट्रोल भरायचा. मी शिकवत होतो ती शाळा रस्त्याच्या पलीकडे होती, त्यामुळे चौदा वर्षं मी त्याला रोज पाहिला. उंच, किंचित वाकलेला, खाकी शर्टाच्या खिशात नेहमी घडी घातलेलं फडकं. त्याची मुलगी शुभांगी माझ्या वर्गात होती. तिच्या वह्यांना जी कव्हरं असत, ती बापाने घातलेली असत आणि वर्षभर एकाही कोपऱ्याला दुमड पडत नसे.

या माणसाने पंपावर एक रीत पाडली होती. सकाळी पंप उघडला की तो नळीचं तोंड पुसायचा, पांढऱ्या फिल्टर पेपरवर पेट्रोलचा एक थेंब सोडायचा आणि दोन मिनिटं उभा राहायचा. थेंब पसरायचा, ओला डाग आकसत जायचा आणि उडून जायचा. कधी रंगाची फिकी गुलाबी छटा मागे राहायची, पण ती पेट्रोलच्या रंगाचीच. डिझेल किंवा बऱ्यापैकी रॉकेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग मागे राहतो. मग त्या कागदावर तारीख घालून तो ऑफिसच्या काचेवर आतून चिकटवायचा. तपासणी सगळीकडे होते, पण काचेवर लावण्याची रीत त्याचीच. लोक येता-जाता काचेकडे बघत आणि टाकी भरून घेत.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कंपनीने त्याला एका दिवसाच्या शिबिराला नगरला पाठवलं. तिथल्या साहेबांनी दोन कागदांवर दोन थेंब सोडले. एक चोख पेट्रोलचा, दुसरा झटकन उडून जाणारं हलकं सॉल्व्हंट मिसळलेल्या पेट्रोलचा. दोन्ही उडून गेले. दोन्ही कागद कोरे. कोणता कुठला, हे शिबिरातल्या एकालाही सांगता आलं नाही.

परत आल्यावर तो कागद चिकटवत राहिला, पण काचेसमोर रेंगाळेनासा झाला. घरी चहा पिताना बशीतला थेंब वर्तमानपत्राच्या कडेवर सोडायचा आणि बघत बसायचा. त्याची बायको भीमाबाई एकदा म्हणाली, हे काय नवीन खूळ. त्याने दुसरा थेंब सोडला.

महिन्याभरात वैजनाथ आला. वैजनाथ तीनचाकी टेम्पोने भाजी आणि दुधाचे कॅन वाहायचा. आदल्या दिवशी शिर्डीच्या वाटेवर त्याचं इंजिन जाम झालं, पिस्टन गेला. टेम्पो दोरीने ओढत आणून त्याने पंपाच्या तोंडाशीच उभा केला. तो ओरडत नव्हता, त्यामुळे लोक जास्तच जमले. तुमच्या पेट्रोलनं माझं इंजिन खाल्लं, एवढंच तो सगळ्यांना सांगत होता.

पंपाचे मालक आबासाहेब बाहेर आले आणि आसारामला म्हणाले, दाखव यांना कागद.

आसाराम त्या वेळी एका लुना मोपेडच्या टाकीत पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल ओतत होता. माप ठेवून त्याने घाईघाईत फडकं घेतलं, नळीचं तोंड पुसलं आणि थेंब सोडला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. कागदाच्या मध्यावर बोटाएवढा तेलकट डाग तसाच होता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चौदा वर्षं काचंला देव लावलाय, आन देवच लबाड निघाला."

आसारामने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ऑइलचं माप पुसायचं फडकं होतं ते. नळी पुसायचं त्याच्या खिशातच राहिलं होतं. इतक्या वर्षांत ही चूक त्याच्या हातून पहिल्यांदा झाली होती, आणि नको त्या दिवशी. त्याने ती सगळ्यांना सांगितली. खिशातलं कोरडं फडकं काढलं, हात धुतले, थोडं पेट्रोल मापात सोडून दिलं, नळीचं तोंड पुन्हा पुसलं आणि नवा थेंब घेतला. तो दोन मिनिटांच्या आत उडाला. कागद कोरा.

आबासाहेबांनी घनताही मोजायला लावली. सावलीत काचेच्या उंच भांड्यात पेट्रोल घेऊन त्यात मोजणीची काचनळी तरंगवली, तापमान पाहिलं, तक्त्यावरून आकडा पंधरा अंशांवर आणला. टँकर उतरवताना नोंदलेल्या आकड्यात आणि यात एकाच युनिटचा फरक होता, तीनपर्यंत चालतो.

लोक सैल झाले. वैजनाथही निवला. तो आसारामच्या जवळ आला.

"आसारामभाऊ, मला तुमच्या मालकाचं काय न्हाई. तुमी एकदा तोंडानं म्हना, पेट्रोल चोख हाय. मी टेम्पो वडत नेतो, परत नाव काढनार न्हाई."

म्हणून टाकलं असतं तर तिथेच संपलं असतं. आबासाहेब मानेने खुणावत होते, म्हण. आसाराम हातातला कागद उलटा-सुलटा करत होता.

"डाग पडला न्हाई, एवढं म्हनतो," तो म्हणाला. "चोख हाय, हे मला म्हनता येनार न्हाई. हलकं काय मिसळलं आसंल तर तेबी असंच उडून जातं. मी डोळ्यानं बघितलंय."

घनतेचं कोणीतरी विचारलं. तो म्हणाला, आकडा जुळला म्हणजे टँकरमधून उतरलं तसंच टाकीत आहे असं वाटतं, पण टँकर भरल्यावर वाटेत काय झालं ते आकडा सांगत नाही, आणि बेतानं मिसळणारा आकडाही जुळवतो. खरं काय ते प्रयोगशाळेतच कळेल. मग तो आबासाहेबांकडे वळला आणि नगरच्या साहेबांना फोन करा म्हणाला. एवढ्या लोकांसमोर आबासाहेबांना नाही म्हणता आलं नाही.

चारच्या सुमारास साहेब आले. वैजनाथसमोर पेट्रोलचे तीन डबे भरले, लाख लावून सील केले, सह्या झाल्या. एक प्रयोगशाळेला, एक कंपनीकडे, एक पंपावर. सगळे गेल्यावर आबासाहेबांनी आसारामच्या हातातून नळी काढून घेतली. अहवाल चांगला आला तर तू माझं नाव फुकट घालवलंस, आणि वाईट आला तर पंपच राहणार नाही. दोन्हीकडून तुझी जागा गेली असं समज, असं म्हणून त्याला टायरांत हवा भरायला बसवलं.

हवेच्या यंत्रापाशी तो तीन आठवडे होता. हाताला चैन पडेना. भरलेल्या टायरांवर पुन्हा गेज लावून बघायचा. त्या दिवसांत काचेवर नवा कागद लागला नाही, आणि बऱ्याच गाड्या पुढच्या पंपावर जाऊ लागल्या. शुभांगीने एकदा मला विचारलं, सर, खरं बोललं तर काम जातं का. मी तिला धड्यातलं उत्तर दिलं आणि ते मलाच पटलं नाही.

अहवाल आला. पेट्रोल सगळ्या मापांत बसत होतं, भेसळ नव्हती. वैजनाथच्या मेकॅनिकने इंजिन खोललं, तेव्हा ऑइल कमी पडून पिस्टन अडकला असावा, असं त्याचं मत पडलं. वैजनाथने ते कबूल केलं नाही, पण नाकारलंही नाही.

आबासाहेब अहवाल घेऊन हवेच्या यंत्रापाशी आले. "एवढं तोंडानं म्हनला असता, तर काय बिघडलं असतं? निघालं ना चोख."

"त्या दिवशी मला कुठं ठावं हुतं, मालक," आसाराम म्हणाला.

आबासाहेबांनी अहवालाची घडी घातली. त्यांच्यामागे वैजनाथचा दुरुस्त झालेला टेम्पो येऊन थांबला होता. नळीशी नवा माणूस होता, पण वैजनाथ टाकीचं झाकण उघडेना. आसारामभाऊंना बोलवा, म्हणाला. आबासाहेबांनी हातानेच खूण केली, जा.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी पाहिलं, काचेवर पुन्हा कागद होता. तारखेखाली आसारामच्या सावकाश, गोल अक्षरात एक ओळ जास्तीची होती: डाग पडला नाही. याहून जास्त या कागदाला कळत नाही.

आबासाहेबांनी ती दोनदा खोडायला लावली, आणि दोन्ही वेळा ती परत आली. पुढे त्यांनी नाद सोडला.