गाव म्हणजे नेमकं कोण?

दहावीत असताना जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेसाठी आमचे सर मला आणि माझ्या मैत्रिणीला घेऊन कळंबहून धाराशिवला गेले. मैत्रीण कळंबच्या आडत व्यापाऱ्याची मुलगी. मी येरमाळ्याकडच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतली. विषय होता, 'सहकारामुळे गाव स्वावलंबी झाले आहे.' आमची बाजू प्रतिकूल. सरांनी भाषण लिहून दिलं होतं आणि मी ते स्वल्पविरामासकट पाठ केलं होतं.

आम्ही सभागृहात गेलो. पहिल्याच रांगेत प्रमुख पाहुणे बसले होते, एका सहकारी संस्थेचे चेअरमन. सर कानाशी म्हणाले, "जपून बोल. लिहून दिलंय तेवढंच."

अनुकूल बाजूचा पहिला वक्ता उंच, खणखणीत आवाजाचा मुलगा होता. तो म्हणाला, "गावानं दूध संस्था काढली." टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "उपसा योजनेमुळे गावाच्या शेतात पाणी आलं." आणि शेवटी, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणारं हेच गाव आज स्वतःच्या पायावर उभं आहे!"

मी त्याचे मुद्दे टिपत होते; खडी हा शब्द ऐकला आणि माझा हात थांबला. त्या दुष्काळात माझी आई खडीवर होती. तिच्या फुटलेल्या नखांना मी खोबरेल लावायची. पण आमच्या गावच्या दूध संस्थेत आमचं नाव नव्हतं, कारण म्हैस नव्हती. पाणी आमच्याकडे येणार कुठं? शेतच नव्हतं. मी कागदावर त्याची तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि तिन्हीतल्या 'गाव'खाली रेघ ओढली.

मैत्रिणीनं कागद पाहिला. "पाठ केलंय तेच म्हण गं," ती कुजबुजली. "सर रागावतील."

तेवढ्यात माझा क्रमांक पुकारला.

माईकसमोर उभी राहिले तेव्हा पहिलं पाठ वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं. रेघा ओढलेला कागद टेबलावर ठेवला.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, माझ्या मित्रानं जे सांगितलं, ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या भाषणात तीन गावं आहेत. दूध संस्था काढणारं गाव म्हणजे तिचे सभासद. पाणी मिळालेलं गाव म्हणजे जमीन असलेले लोक. आणि खडी फोडणारं गाव म्हणजे हातावर पोट असलेले सगळे. शब्द एकच, माणसं निराळी."

सरांकडे बघायची हिंमत झाली नाही.

"गाव म्हणजे फक्त सभासद असतील, तर त्यांचं भलं झालं हे आम्हालाही मान्य आहे. पण मग 'गाव' न म्हणता 'सभासद' म्हणा. आणि गाव म्हणजे तिथं राहणारा प्रत्येक माणूस असेल, तर पुरावाही प्रत्येकाचा द्या. कष्ट सांगताना सगळं गाव आणि फायदा सांगताना अर्धं, असं चालणार नाही. यातलं कोणतं गाव तुमचं, ते पुढच्या वक्त्यानं सांगावं."

घंटा वाजली. मी खाली बसले.

त्यांचा दुसरा वक्ता चष्मेवाला, शांत मुलगा होता. त्यानं आपले कागद चाळले आणि बाजूला ठेवले. "गाव म्हणजे सगळेच," तो म्हणाला. "संस्थेचं सभासदत्व कुणालाही घेता येतं."

उत्तर चांगलं होतं. चेअरमननी मान डोलावली. मी मैत्रिणीकडे पाहिलं.

आता पाळी मैत्रिणीची. तिनंही पाठ केलेलं सोडलं. "दार उघडं आहे, हे कबूल," ती म्हणाली. "पण दाराशी जायला म्हैस लागते, रान लागतं. सभासद होता येणं आणि स्वावलंबी होणं एकच का? ज्याला रान नाही, जनावर नाही, असा सहकारामुळे स्वावलंबी झालेला तुमच्या गावातला एक तरी मजूर सांगा."

शेवटच्या उत्तराला तोच चष्मेवाला उठला. त्यानं बाजूला ठेवलेले कागद पुन्हा चाळले. मग माईकपासून तोंड जरा बाजूला करून म्हणाला, "मला माहीत नाही."

कुणीतरी हसलं. मला मात्र हसू आलं नाही. अख्ख्या सभागृहापुढे असं म्हणायला मला जमलं नसतं.

अर्ध्या गुणानं ढाल आमच्याकडे आली. ती देताना चेअरमन म्हणाले, "पोरी, बोललीस बरोबर. पण संस्था नसती तर तेवढंही झालं नसतं." मी मान खाली घालून "व्हय जी" म्हटलं. त्यांचंही खोटं नव्हतं.

परतताना एसटी येडशीला थांबली. सर म्हणाले, "माझं भाषण का सोडलंस?"

"सर, तो जे बोलला त्याला त्यात उत्तर नव्हतं."

"नव्हतंच," ते म्हणाले आणि शेंगदाण्याची पुडी आमच्यापुढे धरली.

घरी आई भाकरी थापत होती. "काय बोललीस?"

"म्हटलं, गाव म्हणजे कोण, ते आदी सांगा."

तिचा हात थांबला. "मग? सांगितलं का?"

"एकजण म्हणाला, मला माहीत न्हाय."

"खरं बोललं लेकरू," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.